हट्टी बद्धकोष्ठता : वाट मंद आहे की दार उघडत नाही?

"पोट साफ होत नाही" ही तक्रार आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. तिच्यावरचे उपायही घरोघरी ठरलेले असतात. रात्री इसबगोल, नाहीतर त्रिफळा, फारच झाले तर एरंडेल किंवा दुकानातून आणलेली जुलाबाची गोळी. बहुतेकांचे एवढ्यावर भागते. काहींचे मात्र भागत नाही. भाजी, फळे, पाणी, चालणे, चूर्णे, औषधे असे सगळे करूनही महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे त्रास चालूच राहतो. अशा वेळी पोटविकारतज्ज्ञ काही खास तपासण्या सुचवतात. त्यांची नावे अवघड वाटतात आणि तपासणीची जागा लाजेची, म्हणून अनेकजण त्या टाळतात आणि गोळ्या वाढवत जातात. या तपासण्या कशा होतात आणि प्रत्येकीतून नेमके काय कळते, ते या लेखात पाहू.

दुखणे एक, बिघाड दोन

मोठे आतडे साधारण पाच फूट लांब असते. लहान आतड्यातून आलेला पातळ अंश त्यातून पुढे सरकत जातो, त्यातले पाणी शोषले जाते आणि घट्ट झालेला मळ शेवटी गुदाशयात येऊन थांबतो. गुदाशय भरला की आपल्याला जाणीव होते. आपण शौचास बसतो, पोटाने जोर देतो आणि त्याच वेळी गुदद्वाराभोवतीचे स्नायू आपोआप सैल पडतात. जोर देणे आणि दार सैल सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात.

यात बिघाड दोन ठिकाणी होऊ शकतो. आतड्याची हालचालच मंद असेल तर मळ वाटेतच रेंगाळतो. दुसऱ्या प्रकारात मळ दारापर्यंत वेळेवर येतो, पण जोर देताना दाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी घट्ट आवळले जातात. माणूस जितका कुंथतो तितके दार अधिक मिटते. हे कोणी मुद्दाम करत नाही. स्नायूंना लागलेली ती चुकीची सवय असते आणि ज्याची त्याला ती कळतही नाही.

बाहेरून पाहता दोन्ही रुग्ण एकच गोष्ट सांगतात : कुंथावे लागते, खडा होतो, साफ झाल्यासारखे वाटत नाही. म्हणून नुसत्या तक्रारीवरून फरक ओळखणे कठीण असते. उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. मंद आतड्याला औषध लागते आणि न उघडणाऱ्या दाराला स्नायूंचे शिक्षण लागते. इटलीतील डॉ. ज्युसेप्पे कियारिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली हे स्पष्ट दाखवून दिले. स्नायूंचे शिक्षण, म्हणजे बायोफीडबॅक, त्यांनी दोन्ही प्रकारच्या रुग्णांना दिले. सहा महिन्यांनी दाराचा दोष असलेल्यांपैकी 71 टक्के समाधानी होते. केवळ मंद आतडे असलेल्यांत हेच प्रमाण 8 टक्के होते. उपचार तोच, पण चुकीच्या रुग्णाला दिला तर वाया गेला. तपासण्यांचे मोल या फरकात आहे.

तपासण्यांच्या आधी

डॉक्टर आधी काही साध्या गोष्टी पाहून घेतात. शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, रक्त कमी होणे, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग असणे किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक सवय बदलणे, यांपैकी काही असेल तर आधी दुर्बिणीने मोठे आतडे तपासतात. ती तपासणी गाठ किंवा अडथळा दाखवते. आतडे किती वेगाने चालते हे मात्र तिच्यात दिसत नाही. "दुर्बिणीत सगळे नॉर्मल" याचा अर्थ "त्रास मनाचा" असा नव्हे.

थायरॉइड मंद नाही ना, रक्तातले कॅल्शियम वाढलेले नाही ना, हेही पाहतात. शिवाय चालू असलेल्या औषधांची यादी तपासतात. लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, नैराश्यावरची काही औषधे आणि कोडीनसारखी वेदनाशामके मलावरोध करतात. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने गुदद्वार तपासतात आणि "आता जोर द्या" म्हणतात, तीही खरीच तपासणी आहे. जोर देताना बोटाभोवती स्नायू आवळले गेले तर अनुभवी डॉक्टरांना दाराच्या दोषाचा संशय तिथेच येतो. लाजेपोटी ती नाकारू नये.

वाट मोजणारी तपासणी

आतड्यातून अन्न जायला किती वेळ लागतो हे मोजण्याची सोपी पद्धत 1969 साली लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. एक्स-रेत दिसणारे छोटे प्लॅस्टिकचे तुकडे गिळायला द्यायचे आणि काही दिवसांनी पोटाचा एक्स-रे काढून किती उरले ते मोजायचे. हे तुकडे पचत नाहीत, टोचत नाहीत आणि मळाबरोबर निघून जातात. पाश्चात्य देशांत आजही साधारणपणे असे 24 तुकडे असलेली एक कॅप्सूल देऊन पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. पाचांपेक्षा जास्त तुकडे उरले तर आतडे मंद समजतात.

आपल्या देशात या हिशेबाची अडचण आली. आपल्या जेवणात भाजी, डाळ, भाकरी-पोळी यांतून चोथा पुष्कळ जातो आणि निरोगी भारतीयांचे आतडे पाश्चात्यांपेक्षा जलद चालते. ज्याचा स्वाभाविक वेग जास्त, त्याचे आतडे मंदावले तरी पाचव्या दिवसापर्यंत तुकडे निघून गेलेले असू शकतात. मग खऱ्या रुग्णालाही "नॉर्मल" असा शेरा मिळतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. उदय घोषाल आणि सहकाऱ्यांनी 2007 साली आपल्या लोकांसाठी वेगळे वेळापत्रक तपासून प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येकी 20 तुकडे तीनदा, बारा-बारा तासांच्या अंतराने देतात आणि पहिल्या कॅप्सूलनंतर 36 तासांनी व 60 तासांनी एक्स-रे काढतात. साठांपैकी 30 किंवा अधिक तुकडे 36 तासांनी, अथवा 14 किंवा अधिक तुकडे 60 तासांनी उरले असतील तर वाट मंद आहे असे समजतात.

घरच्या घड्याळात सांगायचे तर पहिली कॅप्सूल रविवारी रात्री 9 वाजता, दुसरी सोमवारी सकाळी 9 वाजता आणि तिसरी सोमवारी रात्री 9 वाजता घ्यायची. मग एक्स-रे मंगळवारी सकाळी 9 आणि बुधवारी सकाळी 9 वाजता. या दिवसांत नेहमीचेच जेवण घ्यायचे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे जुलाबाची औषधे आधीपासून बंद ठेवायची. गर्भवती स्त्रियांची ही तपासणी करत नाहीत, कारण तिच्यात एक्स-रे आहे.

चुका होतात त्या अगदी साध्या असतात. मधेच राहवत नाही म्हणून कोणी जुलाबाची गोळी घेतो आणि सगळे तुकडे निघून जातात. एखादी कॅप्सूल चार तास उशिरा घेतली जाते. कधी एक्स-रे पोटाचा निघतो, पण त्यात कमरेखालचा भाग येत नाही. गुदाशयातले तुकडे मग मोजणीतून सुटतात. म्हणून कॅप्सूल घेतल्याची वेळ कागदावर लिहून ठेवावी आणि ओटीपोटाचा खालचा भाग एक्स-रेत आला आहे ना, हे विचारून घ्यावे.

तुकडे किती उरले याबरोबर ते कुठे उरले हेही पाहतात. सगळ्या आतड्यात विखुरलेले असतील तर आतडे मंद असल्याचा संशय बळावतो. खाली गुदाशयाजवळ गोळा झालेले असतील तर दाराकडे बोट जाते. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही. दार बंद असले की मागची गाडीही हळूहळू थांबते, हे कोठीच्या चौकात सायंकाळी उभे राहिलेल्याला सांगायला नको. दाराचा दोष असलेल्या पुष्कळ रुग्णांत वाटही मंद दिसते आणि दार सुधारले की वाट आपोआप सुटते. म्हणून औषधांनी भागले नाही तर दाराची तपासणी आधी आणि वाटेची नंतर, असा क्रम आज बहुतेक तज्ज्ञ सुचवतात.

दाराची तपासणी : मॅनोमेट्री

मॅनोमेट्री म्हणजे दाब मोजणे. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजतात, तसाच इथे गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजतात. एककही तेच, पाऱ्याचे मिलिमीटर. पेन्सिलपेक्षा बारीक, लवचिक नळीवर दाब ओळखणारे बिंदू असतात आणि टोकाला छोटा फुगा असतो. आधी एनिमा देऊन गुदाशय मोकळा करतात. रुग्ण डाव्या कुशीवर गुडघे दुमडून झोपतो आणि वंगण लावलेली नळी हळूच आत सरकवतात. वीस ते तीस मिनिटे लागतात. भूल देत नाहीत, कारण रुग्णाने जागे राहून सांगितलेल्या कृती करायच्या असतात. थोडे विचित्र वाटते, पण सहसा दुखत नाही. ज्याला गुदद्वारात भेग पडली आहे त्याला मात्र दुखू शकते. त्याने ते आधी सांगावे.

पहिल्यांदा काही न करता पडून राहायला सांगतात. त्यावरून विश्रांतीचा दाब कळतो. मग "आवळून धरा" म्हणतात, त्यावरून स्नायूंची ताकद कळते. आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाची आहे तिसरी कृती : "शौचास बसल्यासारखा जोर द्या." या वेळी गुदाशयातला दाब चांगला चढायला हवा, साधारण 40 ते 45 किंवा त्याहून अधिक. त्याच क्षणी गुदद्वाराचा दाब निदान पाचव्या हिश्शाने उतरायला हवा. पडद्यावर एक रेघ वर आणि दुसरी खाली जाताना दिसते. दोन्ही रेघा वर गेल्या तर दार आवळले जात आहे.

या बिघाडाची आज जगभर वापरली जाणारी चार प्रकारांची विभागणी डॉ. सतीश राव यांच्या नावाने ओळखली जाते. पुढे अमेरिकेत नाव कमावलेल्या या डॉक्टरांनी वैद्यकीय पदवी आपल्या उस्मानिया विद्यापीठातूनच घेतली. ही विभागणी दोन प्रश्नांवर उभी आहे : पुरेसा जोर येतो का, आणि दार काय करते? पहिल्या प्रकारात जोर चांगला येतो पण दार आवळले जाते. दुसऱ्यात जोरही येत नाही आणि दारही आवळले जाते. तिसऱ्यात जोर येतो, दार आवळत नाही पण पुरेसे सैलही पडत नाही. चौथ्यात जोर नाही आणि सैल पडणेही नाही. पुढे शिकवताना याचा उपयोग होतो. एकाला फक्त सैल सोडायला शिकवावे लागते, दुसऱ्याला जोर द्यायलाही.

शेवटी टोकाचा फुगा थोडा थोडा फुगवत "आता काही जाणवते का, आता जावेसे वाटते का" असे विचारतात. बराच फुगल्यावरही जाणीव होत नसेल तर वर्षानुवर्षे रोखून धरण्याने गुदाशय बधिर झाला असण्याची शक्यता असते. फुगा झटकन फुगवला की आतला स्नायू आपोआप सैल पडायला हवा. तो पडला नाही तर जन्मजात दोषाची शंका येते. त्याबद्दल पुढे सांगितले आहे.

या तपासणीलाही मर्यादा आहे. अनोळखी खोलीत, कुशीवर झोपून, दोघातिघांसमोर जोर देणे कोणालाच सहज जमत नाही. त्यामुळे कसलाच त्रास नसलेल्या अनेक माणसांतही दार आवळल्याचे चित्र दिसते. एकट्या मॅनोमेट्रीवर निदान करू नये ते यासाठीच.

साधा फुगा, पक्का साक्षीदार

म्हणून जोडीला फुग्याची तपासणी करतात. गुदाशयात छोटा फुगा ठेवून त्यात 50 मिलिलिटर कोमट पाणी भरतात आणि रुग्णाला आडोशाला कमोडवर एकटे बसू देतात. निरोगी माणूस सहसा एका मिनिटात तो बाहेर टाकतो. काही ठिकाणी दोन मिनिटांची सवलत देतात. निघाला नाही तर दाराचा दोष असण्याची शक्यता वाढते. मॅनोमेट्री आणि फुगा दोघांनी एकच सांगितले तर निदान पक्के धरतात. दोघांचे पटले नाही तर पुढे डिफिकोग्राफी करतात. तिच्यात गुदाशयात दाट बेरियम किंवा जेल भरून, ते बाहेर टाकताना एक्स-रेने किंवा एम.आर.आय.ने चित्रे घेतात. गुदाशयाची भिंत योनीकडे फुगून तिथे मळ अडकणे, किंवा आतले अस्तर खाली घसरून वाट अडवणे, असे रचनेचे दोष तिच्यातच दिसतात.

एक उदाहरण

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. सेहेचाळीस वर्षांच्या एका बाईंना सहा वर्षांपासून त्रास आहे. थायरॉइड ठीक, दुर्बिणीची तपासणी ठीक. रोज दोन प्रकारची रेचके घेऊनही अर्धा अर्धा तास बसावे लागते. तुकड्यांच्या तपासणीत 36 तासांनी 60 पैकी 41 आणि 60 तासांनी 27 तुकडे उरले. दोन्ही आकडे मर्यादेच्या वर. एवढाच कागद पाहिला तर "आतडे मंद, औषध वाढवा" असे कोणीही म्हणेल. पण 27 पैकी 19 तुकडे खाली गुदाशयाजवळ जमलेले आहेत.

मॅनोमेट्रीत विश्रांतीचा दाब 72 आला. जोर देताना गुदाशयातला दाब 58 पर्यंत चढला, म्हणजे जोर उत्तम. पण गुदद्वाराचा दाब 72 वरून उतरण्याऐवजी 104 वर गेला. हा पहिला प्रकार. फुगा तीन मिनिटांतही निघाला नाही. तीन तपासण्यांची जुळणी केली की चित्र स्पष्ट होते : मूळ दोष दाराचा आणि वाटेची मंदी त्याच्या मागून आलेली.

त्यांना बायोफीडबॅक सुचवले जाते. तीच नळी आत ठेवून रुग्णाला पडद्यावर स्वतःच्या दाबाची रेघ दाखवतात आणि श्वास, पोटाचा जोर व दार सैल सोडणे यांचा मेळ घालायला शिकवतात. साधारण दीड-दोन आठवड्यांच्या अंतराने चार ते सहा बैठका आणि घरी रोज सराव. आपल्या उदाहरणातील बाईंचा दाब सहा बैठकांनंतर जोर देताना 72 वरून 45 वर उतरतो आणि फुगा चाळीस सेकंदांत निघतो. पुन्हा केलेल्या तुकड्यांच्या तपासणीत 36 तासांनी 18 आणि 60 तासांनी 6 तुकडे उरतात. आतड्याला नवे औषध न देताच वाट मोकळी झाली.

आता उलट बाजू पाहा. मॅनोमेट्री व फुगा दोन्ही ठीक असते आणि तुकडे आतड्याभर विखुरलेले असते, तर या बाईंना बायोफीडबॅकचा उपयोग नव्हता. तेव्हा आतड्याला चालना देणारे औषधच लागले असते. फार क्वचित, सगळे थकल्यावर, मोठे आतडे काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्याआधी दाराची तपासणी झालेलीच असली पाहिजे. नाहीतर आतडे जाते आणि बंद दार तसेच राहते.

मुलांबद्दल

पालकहो, मुलांच्या बाबतीत या तपासण्यांची गरज क्वचितच पडते. बहुतेक मुले एकदा दुखले म्हणून, किंवा शाळेतल्या शौचालयात जायचे नाही म्हणून, रोखून धरतात. मळ कडक होतो, पुन्हा दुखते आणि मूल आणखी रोखते. अशा मुलांना मळ मऊ ठेवणारे औषध पुरेसे दिवस देणे आणि जेवणानंतर ठरल्या वेळी बसवणे, हाच उपचार असतो.

मात्र जन्मल्यावर पहिल्या 48 तासांत ज्या बाळाने काळी शी केली नव्हती, ज्याचे पोट फुगलेले असते आणि वाढ नीट होत नाही, त्याच्यात हिर्शस्प्रुंगचा आजार पाहावा लागतो. त्यात आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसतात. फुगा फुगवल्यावर आतला स्नायू सैल पडला, तर हा आजार नाही असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. सैल पडला नाही तरी तेवढ्याने आजार सिद्ध होत नाही. खूप ताणलेल्या गुदाशयातही तसे दिसू शकते. मग आतल्या अस्तराचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि त्यावरूनच नक्की ठरते.

अहवाल हातात आल्यावर

अहवालात तीन गोष्टी आहेत का ते पाहावे. जोर देताना गुदाशयाचा आणि गुदद्वाराचा दाब, दोन्ही वेगवेगळे लिहिलेले असावेत. फुगा किती वेळात निघाला ते असावे. तुकड्यांच्या तपासणीत कोणत्या तासाला किती आणि कुठे उरले, ते आकड्यांत असावे. "मोटिलिटी कमी" एवढाच शेरा असेल तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "माझी वाट मंद आहे की दार उघडत नाही?" पुढची गोळी की पुढची शिकवणी, हे या उत्तरावरून ठरते.